हातात मूल, हातात फोन: प्रथमोपचार ॲपचा एक आढावा

लहान मूल असलेल्या घरात अचानक ओढवणारे प्रसंग बहुतेक ठरलेले असतात. शेंगदाणा घशात अडकतो, गरम चहा अंगावर सांडतो, पाण्याच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल प्यायले जाते, रिमोटमधला बटणासारखा सेल गिळला जातो. अशा वेळी काय करायचे ते पायरीपायरीने सांगणारी ॲप गेली दहा-पंधरा वर्षे उपलब्ध आहेत. रेडक्रॉससारख्या जुन्या संस्थांनी ती काढली आहेत, तशीच कोणी काढली याचा पत्ता लागत नाही अशीही आहेत. ऐन वेळी या ॲपचा आईवडिलांना कितपत उपयोग होतो, यावर प्रथमोपचार शिकवणाऱ्यांमध्ये एकमत नाही. ‘उपयोग होतो का’ असा एकच प्रश्न सगळ्या प्रसंगांना मिळून विचारला जातो, हे या मतभेदाचे एक कारण आहे असे मला वाटते. घशात अडकलेला दाणा, भाजलेली कातडी आणि पोटात गेलेले विष हाताशी ठेवतात तो वेळ फार वेगवेगळा असतो. या लेखात ते प्रसंग म्हणून वेगळेच घेतले आहेत.

वर्गापासून स्क्रीनपर्यंत

सामान्य माणसाला प्रथमोपचार शिकवण्याची आजची पद्धत इंग्लंडमध्ये आकाराला आली. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन १८७७ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पीटर शेफर्ड या लष्करी डॉक्टरने वूलिच येथे नागरिकांसाठी वर्ग घेतले. त्याच्या टिपणांचे पुस्तक झाले. पण शिकण्याची जागा वर्ग हीच होती. पट्टी बांधायला हाताने शिकायचे आणि विसरलेले आठवण्यासाठी पुस्तक चाळायचे, अशी ती विभागणी होती. माणूस समोर तडफडत असताना कोणी पुस्तक उघडून वाचेल, अशी अपेक्षा त्यात नव्हती. भारतात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉसचे वर्ग याच वळणाने चालत आले.

स्मार्टफोन आल्यावर ही विभागणी पुसट झाली. अमेरिकन रेडक्रॉसचे प्रथमोपचार ॲप २०१२ साली आले. त्यात शिकण्याचा एक भाग होता आणि ‘आत्ता प्रसंग ओढवला आहे’ यासाठी दुसरा. मजकूर फोनमध्येच साठवलेला असल्यामुळे नेटवर्क नसतानाही तो दिसे. ब्रिटिश रेडक्रॉसने पुढे खास तान्ह्या बाळांसाठी आणि मुलांसाठी वेगळे ॲप काढले. जगभरच्या रेडक्रॉस संस्थांना आपापल्या भाषेत वापरता यावे म्हणून एक सामाईक साचाही तयार झाला. पुस्तकाने जे काम कधी अंगावर घेतले नव्हते, ते करण्याचे आश्वासन ॲपच्या त्या दुसऱ्या भागात होते. वाद आहे तो त्या दुसऱ्या भागावर.

शेंगदाणा अडकतो तेव्हा

भारतात मुलांच्या श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा वरच्या क्रमांकावर असतो आणि ही मुले बहुधा एक ते तीन वर्षांची असतात. दाढा पुऱ्या आलेल्या नसतात आणि तोंडात घास असतानाच मूल धावते, हसते.

दीड वर्षाचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. संध्याकाळची वेळ आहे, आई ओट्यापाशी उभी आहे आणि त्याने ताटलीतले दाणे तोंडात टाकले आहेत. त्याला जोराचा ठसका लागतो. इथे पहिली सूचना काही न करण्याची आहे. मूल खोकते आहे, रडते आहे, आवाज निघतो आहे, तोपर्यंत हवा आत-बाहेर जाते आहे आणि त्याच्या खोकल्याइतका जोर बाहेरून कोणी लावू शकत नाही. त्याला पुढे वाकवून खोकू द्यायचे. तोंडात बोट घालायचे नाही, कारण वरवर असलेला दाणा बोटाने आत ढकलला जातो.

मग खोकला थांबतो. मूल तोंड उघडते पण आवाज येत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. बरे वाटून गप्प होणे आणि श्वास अडकून गप्प होणे यांतला फरक याच क्षणी ओळखावा लागतो. श्वास अडकला असेल तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा द्यायच्या आणि प्रत्येक थापेनंतर दाणा निघाला का ते बघायचे. नाही निघाला तर मागे गुडघ्यांवर बसून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ धरायची आणि पाच वेळा आत-वर झटका द्यायचा. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. मूल वर्षाच्या आतले असेल तर पोटावर झटका द्यायचा नाही, कारण यकृताला इजा होते. त्याला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून थापा द्यायच्या आणि मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर पाच दाब द्यायचे. शुद्ध हरपली तर जमिनीवर निजवून सीपीआर सुरू करायचा: तीस दाब, दोन श्वास, आणि श्वास देण्याआधी दर वेळी तोंडात डोकावायचे. वस्तू दिसली तरच काढायची. घरात दुसरे कोणी असेल तर तोवर त्याने १०८ लावायचा. दाणा निघाला आणि मूल हसू लागले तरी पोटावर झटके दिले असतील तर डॉक्टरांना दाखवायचेच.

आता यात ॲप घालून बघा. फोन शोधायचा, कुलूप उघडायचे, ॲप सापडायचे, यादीतून योग्य प्रसंग निवडायचा, मुलाचे वय विचारले तर सांगायचे, फुकट ॲप असेल तर मध्ये आलेली जाहिरात बंद करायची. शांतपणे केले तरी यात अर्धे मिनिट सहज जाते. हात थरथरत असताना किती जाईल कोण जाणे. श्वास पूर्ण बंद झाल्यावर मेंदूला इजा होण्याआधी हाताशी मोजकी मिनिटे असतात. शिवाय थापा द्यायला एक हात आणि मूल धरायला दुसरा, असे दोन्ही हात गुंतलेले असतात. वाचायला फोन धरणार कोण?

तीन भूमिका

इथून मते फुटतात. ॲप ऐन वेळी उपयोगी पडते असे मानणाऱ्यांचा मुद्दा असा की तुलना नेहमी चुकीच्या माणसाशी केली जाते. शिकलेल्या माणसाला ॲप लागत नाही, हे खरे. पण बहुतेक आईबाप शिकलेले नसतात आणि त्यांच्यापुढे ॲपला पर्याय असतो तो गोंधळाचा. मुलाला उलटे टांगून हलवणे, घशात बोट घालणे, पाणी पाजणे हे आजही घरोघर होते. एक मोठे चित्र आणि ‘इथे पाच थापा’ एवढी ओळ दिसली तरी यातले काही टळेल. आवाजातून सूचना दिल्या तर हातही मोकळे राहतात. घरात दोन माणसे असतील तर एकाने वाचावे, दुसऱ्याने करावे, असेही ते सुचवतात. आपल्याकडे आजी-आजोबा किंवा शेजारी हाकेच्या अंतरावर असतात, तेव्हा ही सूचना कागदावरची नाही.

दुसरी भूमिका प्रशिक्षकांची. त्यांच्या मते ॲपचे खरे काम प्रसंगाच्या आधी, रविवारी दुपारी होते. थाप किती जोराची हे कोणतेही चित्र सांगू शकत नाही. बाहुलीवर पहिल्यांदा थाप देणारे बहुतेक पालक फार हळू देतात, हे वर्गात नेहमी दिसते. लागेल या भीतीने हात आवरला जातो. तो आवर हाताने शिकूनच सुटतो. म्हणून ॲपने दर काही महिन्यांनी आठवण करून द्यावी, दोन प्रश्न विचारावेत, वर्ग कुठे आहे ते सांगावे, पण ‘आत्ता काय करू’ हे बटण दाखवून खोटा धीर देऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. ॲप आहे म्हणून शिकायची गरज नाही असे वाटू लागले तर ते नसलेले बरे, इथपर्यंत काहीजण जातात.

तिसरी भूमिका म्हणते की स्क्रीनच्या जागी माणूस हवा. तातडीच्या फोनवरून सीपीआरच्या सूचना देण्याची पद्धत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली आणि आता अनेक देशांत ती सेवेचा भाग आहे. फोन स्पीकरवर ठेवायचा, पलीकडचा माणूस विचारतो, ‘रडतंय का? आवाज येतोय का?’ आणि उत्तर ऐकून पुढची पायरी सांगतो. ॲपला न दिसणारा तो फरक, म्हणजे गप्प झालेले मूल बरे आहे की अडकले आहे, प्रश्न विचारून त्याला कळू शकतो. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे आणि फोन आल्यावर पहिले काम गाडी धाडण्याचे असते. गाडी पोचेपर्यंतची मिनिटे प्रत्येक फोनवर मराठीतून पायरीपायरीच्या सूचनांनी भरून काढायची, तर त्यासाठी प्रशिक्षित माणसे आणि ठरलेली प्रश्नावली लागते. या पक्षाचे म्हणणे असे की पैसा आणि कष्ट ॲपपेक्षा तिथे लावावेत. ॲपने फक्त एक करावे: उघडताच पहिले बटण १०८ लावण्याचे असावे.

घशात अडकण्याच्या प्रसंगापुरते मला प्रशिक्षकांचे म्हणणे पटते. वेळ इतका थोडा आहे की हातात आधीच आहे तेवढेच कामाला येते.

चहा सांडल्यावर

भाजण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ॲपच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्या मते इथे सापडतो.

दोन वर्षांच्या मुलीने टेबलावरचा कप ओढला आणि चहा छातीवर व दंडावर सांडला. पहिल्या काही सेकंदांत भिजलेला फ्रॉक काढायचा, बांगडी किंवा दोरा असेल तर सूज येण्याआधी उतरवायचा आणि भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. कापड कातडीला चिकटले असेल तर ते ओढायचे नाही. मग वीस मिनिटे पाणी. ही वीस मिनिटे घरात कोणालाच खरी वाटत नाहीत. मूल रडते, गारठते, दोन मिनिटांत आई तिला उचलते आणि कोणीतरी टूथपेस्ट, हळद किंवा किसलेला बटाटा घेऊन येते.

वीस मिनिटांचा आग्रह हवेतला नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या बालरुग्णालयात आलेल्या २,४९५ भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना भाजल्यापासून तीन तासांच्या आत वीस मिनिटे वाहते गार पाणी मिळाले होते, त्यांना त्वचारोपण लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. कातडीच्या वरच्या थराखाली साठलेली उष्णता पुढे कितीतरी वेळ पेशी जाळत राहते, आणि ती काढून घ्यायला तेवढा वेळ लागतो. तीन तासांची मुभा म्हणजे सुरुवातीला चुकले तरी नंतर पाणी घालायला उशीर झालेला नसतो.

वाचायला, ऐकायला, दुसऱ्याला विचारायला इथे वेळ आहे. ॲप घड्याळ लावून देऊ शकते, ‘अजून अकरा मिनिटे’ असे सांगू शकते, टूथपेस्ट आणणाऱ्या हाताला थांबवू शकते, पाणी फक्त भाजलेल्या भागावर घालून बाकीचे अंग कोरड्या पंचाने गुंडाळायची आठवण देऊ शकते. बर्फ का लावायचा नाही हेही सांगू शकते: त्याने रक्तपुरवठा आणखी कमी होतो आणि लहान मुलाचे अंग फार लवकर गार पडते. वीस मिनिटे झाल्यावर जखमेवर स्वयंपाकघरातली स्वच्छ पातळ प्लास्टिकची झिल्ली लांबीने ठेवायची, गोल आवळायची नाही. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, किंवा भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल तर रुग्णालय गाठायचे. मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का, हे माप ॲपमध्ये चित्राने सहज दाखवता येते.

अडचण पाण्याची आहे. नळाची धार मिनिटाला चार-पाच लिटर धरली तर वीस मिनिटांत ऐंशी ते शंभर लिटर पाणी जाते. लातूर किंवा मराठवाड्यातल्या टँकरवरच्या गावात उन्हाळ्यात हे पाणी आणायचे कुठून? वाहते पाणी नसेल तर गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवून ते दर एक-दोन मिनिटांनी बदलत राहणे हा कमी परिणामकारक पण मान्य पर्याय आहे. नळ चोवीस तास चालू असल्याचे गृहीत धरून लिहिलेल्या सूचनांत त्याला जागा मिळत नाही.

पोटात गेल्यावर

गिळलेल्या विषारी वस्तूंच्या बाबतीत ॲपने करायचे काम बहुतेक थांबवण्याचे असते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला मीठपाणी पाजून ओकायला लावणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. रॉकेल पोटात असताना होणाऱ्या त्रासापेक्षा ओकताना ते श्वासनलिकेत उतरले तर होणारी फुप्फुसाची इजा कितीतरी गंभीर असते. म्हणून ओकारी काढायची नाही, रॉकेल भिजलेले कपडे काढायचे, बाटली बरोबर घ्यायची आणि निघायचे. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आहे. तो लावून देण्याइतके काम ॲपने केले तरी पुष्कळ झाले.

बटणसेलचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत खोल भाजल्यासारखी जखम करू शकतो. म्हणून काही खाऊ-पिऊ न घालता एक्स-रे असलेल्या रुग्णालयात धावायचे, अशीच सूचना पूर्वी असे. २०१८ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत मधाने ही इजा कमी होते असे दिसल्यावर अमेरिकेच्या विष-केंद्राने सूचना बदलली: मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर मध द्यावा, असे सहा वेळांपर्यंत. मधासाठी थांबायचे मात्र नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. एवढ्या अटी घेऊन आलेली सूचना आजीच्या तोंडून तोंडी पोचणार नाही. ती लिहूनच पोचते, आणि म्हणून ॲपला इथे खरे काम आहे.

सूचना जुन्या होतात, आणि जागाही बदलते

बटणसेलच्या उदाहरणातच पुढचा प्रश्न दडलेला आहे. प्रथमोपचाराच्या सूचना बदलतात, आणि फोनमध्ये पडून असलेले ॲप बदलतेच असे नाही.

घशात अडकण्याचाच इतिहास घ्या. अमेरिकेत हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली पोटावरच्या झटक्याची पद्धत मांडली आणि पाठीवरच्या थापा धोक्याच्या आहेत असा प्रचार ते वर्षानुवर्षे करत राहिले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे मोठ्यांसाठी आणि वर्षावरच्या मुलांसाठी थापा मागे पडल्या. ब्रिटन आणि युरोपात मात्र आधी थापा हाच क्रम राहिला. २००० नंतरच्या दशकात अमेरिकन रेडक्रॉसने पाच थापा, पाच झटके हा क्रम पुन्हा आणला, पण अमेरिकन हार्ट असोसिएशन झटक्यांवरच राहिली. एकाच देशात दोन संस्थांची दोन उत्तरे, अशी स्थिती बराच काळ होती. ऑक्टोबर २०२५च्या मार्गदर्शिकेत हार्ट असोसिएशननेही पाच थापा आणि पाच झटके हा क्रम स्वीकारला आणि तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांऐवजी तळहाताच्या टाचेने दाब द्यायला सांगितले. आज एखाद्या मराठी पालकाच्या फोनमध्ये जे ॲप आहे ते यातल्या कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या संस्थेचे, हे त्याला पहिल्या पानावर दिसत नसेल तर त्याने विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? सीपीआरच्या ॲपची २०१४ आणि २०१८ साली युरोपातल्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा बरीचशी ॲप त्या वेळच्या मार्गदर्शिकांशी जुळत नव्हती.

जागेचा प्रश्न सापाच्या बाबतीत तीव्र होतो. ऑस्ट्रेलियात साप चावल्यावर अवयवाला दाबून लांब पट्टी बांधायला शिकवतात, कारण तिथल्या बहुतेक विषारी सापांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. आपल्याकडे घोणस आणि फुरसे चावल्यावर विष जागीच ऊती कुजवते आणि आवळून बांधल्याने ती इजा वाढू शकते. म्हणून भारतातल्या उपचार मार्गदर्शिकेत धीर देणे, मोडलेल्या हाडासारखा अवयव स्थिर ठेवणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे यांवर भर आहे. ऑस्ट्रेलियातले ॲप सिंधुदुर्गातल्या घरात उघडले तर तिथल्यासाठी बरोबर असलेली सूचना इथे चुकीची ठरते. नुसते भाषांतर करून हे सुटत नाही.

पुरावा कुठवर पोचला आहे

ॲपने जीव वाचतात का, याचे थेट उत्तर आजच्या अभ्यासांतून मिळत नाही. बहुतेक अभ्यास बाहुलीवर, रचलेल्या प्रसंगात, प्रौढ स्वयंसेवकांकडून करून घेतलेले आहेत. २००७ साली जर्मनीत असा एक प्रयोग झाला. हातात धरायच्या यंत्रावरून चित्र-आवाजासह पायऱ्या मिळालेल्या अप्रशिक्षित लोकांनी न मिळालेल्यांपेक्षा प्रथमोपचार बराच चांगला केला. फोनच्या मदतीने सीपीआर देण्याच्या नंतरच्या प्रयोगांत एक गोष्ट पुढे आली: पायऱ्या अधिक बरोबर होतात, पण सुरुवात उशिरा होते. भाजण्यात असा उशीर परवडतो. घशात अडकण्यात तो परवडत नाही. म्हणून या निष्कर्षांची सरासरी काढून ‘ॲप चांगले’ किंवा ‘ॲप वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही.

आपले स्वतःचे मूल समोर निळे पडते आहे असे बाहुलीच्या प्रयोगात कोणालाच वाटत नाही. त्या अवस्थेत माणूस किती वाचू शकतो, एका पडद्यावर एक ओळ असावी की चित्रे, आवाज बाईचा असावा की पुरुषाचा, प्रमाण मराठीत की घरातल्या बोलीत, यांवर पालकांना घेऊन केलेले काम फार थोडे आहे. फोन नेहमी ज्याच्या खिशात असतो तो बाप कामावर आणि मूल आजीपाशी, ही आपल्याकडची नेहमीची स्थितीही रचनेत धरलेली दिसत नाही.

याची उकल व्हायची तर घरातले खरे प्रसंग मोजावे लागतील. भाजलेले किंवा काही गिळलेले मूल रुग्णालयात येते तेव्हा केसपेपरवर पाणी किती मिनिटे घातले, आणखी काय लावले, ओकारी काढली का आणि हे कोणी सांगितले, म्हणजे शेजारी, १०८वरचा माणूस की फोनवरचे ॲप, असे चार रकाने भरले गेले पाहिजेत. ब्रिस्बेनच्या अभ्यासाला आकडे मिळाले ते अशाच रोजच्या नोंदींतून. ससून किंवा केईएमसारख्या रुग्णालयांत मराठी घरांतली मुले रोज येतात, आणि त्या चार रकान्यांसाठी नवे यंत्र लागत नाही.